पासष्टचे छप्पन : आरटीजीएसचे अर्ज आणि स्क्रीन ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
बँकांच्या मुख्य कार्यालयांतील कार्यप्रणाली विभागांचे प्रमुख आणि अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

शाखेतला कोणता अर्ज कसा छापायचा, काउंटरवरच्या स्क्रीनवर कोणता रकाना आधी यावा आणि कोणत्या चुकीची नोंद कोणाच्या नावावर पडावी, हे आपण ठरवता. आपले ठरलेले पाळण्यात माझी नोकरी गेली आणि शेवटची काही वर्षे मी तालुक्याच्या एका शाखेत पासिंग ऑफिसर होतो, म्हणजे काउंटरवर टाइप झालेली एन्ट्री तपासून पैसे सोडणे हे माझे काम होते. आता निवृत्त झालो आहे. बँकेचे, गावाचे किंवा माणसांचे नाव या पत्रात येणार नाही, कारण जे घडले ते कोणत्याही शाखेत घडू शकते आणि माझे म्हणणे कोणा एका बँकेपुरते नाही. एका सकाळी आमच्या शाखेत दोन अंकांची अदलाबदल झाली होती आणि ती एका क्लार्क बाईंच्या नजरेस पडली. तो प्रसंग आधी सविस्तर सांगतो, कारण मागणी त्यातूनच निघते.

दिवस सोमवारचा होता. एक निवृत्त शिक्षक अडतीस लाख चाळीस हजार रुपयांच्या आरटीजीएसचा अर्ज घेऊन आले. शेजारच्या गावातील दोन एकर जमीन त्यांनी घ्यायची ठरवली होती. दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत व्हायचे होते आणि त्याआधी पैसे विकणाऱ्या शेतकऱ्याच्या खात्यात जमा व्हावेत असा बोलीचा शब्द होता. अर्ज त्यांनी आदल्या रात्री घरीच, सुवाच्य अक्षरांत भरलेला होता. लाभार्थ्याचा खाते क्रमांक आपल्या अर्जात दोनदा लिहावा लागतो; तो त्यांनी दोन्ही रकान्यांत नीट, एक एक अंक चौकटीत बसवून लिहिला होता. शेवटचे चार अंक होते ४२५६.

काउंटरवरच्या मॅडमनी तो क्रमांक स्क्रीनवर दोनदा टाइप केला. स्क्रीनने दोन्ही वेळचे अंक एकमेकांशी ताडून पाहिले आणि ते जुळले. मग त्यांनी लाभार्थ्याच्या नावाचा शोध घेतला. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायला सांगितली होती, त्यामुळे ती आमच्याकडे नुकतीच आलेली होती. समोरच्या बँकेकडून आलेल्या नावात आडनाव तेच होते, पहिल्या नावाचे आणि वडिलांच्या नावाचे आद्याक्षरही तेच होते. शिक्षकांनी काचेपलीकडून मान डोलावली. एन्ट्री माझ्या रांगेत येऊन पडली. मी अर्ज हातात घेऊन स्क्रीनवरचा क्रमांक अर्जाशी ताडला, रक्कम चेकशी ताडली, सही नमुन्याशी ताडली. सगळे जुळत होते. माझ्या रांगेत आणखी बारा-तेरा एन्ट्र्या ताटकळत होत्या आणि माझा हात माउसवर होता.

तेवढ्यात मॅडम माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, सोडू नका."

त्यांची एक जुनी सवय होती. मोठ्या रकमेच्या प्रत्येक आरटीजीएससोबत त्या लाभार्थ्याच्या रद्द केलेल्या चेकची किंवा पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स मागत. आपल्या कोणत्याही परिपत्रकात तशी सक्ती नव्हती आणि कित्येक ग्राहक त्यावरून कुरकुरत. शिक्षकांच्या पिशवीत खरेदीखतासाठी आणलेली अशी एक झेरॉक्स योगायोगाने होती. ती त्यांनी काढून दिली होती. अर्जाला ती टाचताना मॅडमनी लाकडी पट्टी चेकवरच्या क्रमांकाखाली धरली आणि बोट ठेवून एक एक अंक पुटपुटत वाचला. चेकवर शेवटी ४२६५ होते.

त्या काउंटरवर परत गेल्या आणि शिक्षकांना विचारले, "सर, हा नंबर तुम्हाला कोणी दिला?"

"फोनवर दिला त्यांच्या पुतण्यानं. मी लगेच डायरीत लिहून घेतला," असे ते म्हणाले. थोडे चिडूनच त्यांनी पुढे विचारले, "नाव बरोबर आलं ना पण मॅडम?"

"नाव आलंय सर, पण त्यांना एक फोन लावा. माझ्यासमोर, स्पीकरवर. आणि नंबर एक एक आकडा सांगायला सांगा."

फोन लागला. पुतण्याने पासबुक शोधले आणि आधी त्याच्या सवयीने जोडीजोडीने वाचायला सुरुवात केली. शेवटी तो म्हणाला, "बेचाळीस, पासष्ट." मॅडमनी त्याला थांबवले आणि पुन्हा सुटे आकडे सांगायला लावले. तो म्हणाला, "चार, दोन, सहा, पाच."

शिक्षकांनी कपाळावर हात मारला. मराठीत दोन अंकी संख्येचा एककाचा आकडा आपण आधी उच्चारतो. पासष्ट म्हणजे पाच आणि साठ. कानावर पाच आधी पडते आणि सहा नंतर. एरवी आपण पूर्ण शब्द ऐकून मग लिहितो म्हणून निभावते, पण फोनवर, घाईत, ऐकेल तसा आकडा उतरवत गेले की हात पाच आधी लिहून मोकळा होतो आणि पासष्टचे छप्पन होते. बेचाळीसही असाच उलटा शब्द आहे, तरी तो त्यांनी बरोबर लिहिला होता. ही चूक रोज होत नाही आणि म्हणूनच तिची कोणी वाट पाहत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टसाठी 'साठ तीन' असे वाचन आल्यावर महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता, ते आपल्याला आठवत असेल. त्या वादात पडण्याचे मला कारण नाही. पण अंकांची ही उलटापालट केवळ लहान मुलांची अडचण आहे असे मानणाऱ्यांनी आमच्या काउंटरवर एक दिवस बसून पाहावे.

आता नाव जुळले कसे, हे सांगतो, कारण मला स्वतःला ते सर्वांत अधिक बोचले. ४२६५ मधून ४२५६ वजा केले तर बाकी नऊ राहते. त्या बँकेचे खाते क्रमांक क्रमाने वाढत जाणारे होते, म्हणजे ही दोन खाती एकाच शाखेत, बहुधा एकाच दिवशी, रांगेत आठ-दहा माणसांच्या अंतराने उघडलेली होती. दुपारी त्या शेतकऱ्याने फोनवर जे सांगितले त्यावरून उलगडा झाला. गावात खाती उघडण्याचे शिबिर लागले होते, त्यात तो आणि त्याचा चुलतभाऊ एकाच रांगेत उभे होते. दोघांचे आडनाव एक, नावांची आद्याक्षरे एक, वडिलांच्या नावांचीही एक. दोघांमध्ये बांधावरून बोलणे बंद होते, हेही त्याने जाता जाता सांगितले. खात्याच्या शेवटच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की पैसा कुठेतरी दूरच्या अनोळखी माणसाकडे जाईल असे आपल्याला वाटते, पण क्रमाने दिलेल्या क्रमांकांत तो शेजारच्याच माणसाकडे जातो, आणि खेड्यात शेजारच्या माणसाचे आडनाव बहुधा तेच असते. नाव शोधण्याची नवी सोय चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण जिथे नाव आद्याक्षरांत आणि आडनावात उरकलेले असते, तिथे ती ठीक याच चुकीपुढे लंगडी पडते.

ती एन्ट्री मी सोडली असती तर पुढे काय झाले असते, हे आपण माझ्याहून चांगले जाणता, तरी हे पत्र सामान्य ग्राहकही वाचतील म्हणून लिहितो. इलेक्ट्रॉनिक पेमेंट केवळ खाते क्रमांकावर जमा होते, अर्जावरचे नाव त्यासाठी पाहिले जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१० च्या सूचनांपासून हे स्पष्ट आहे आणि आपल्या अर्जाच्या मागे बारीक अक्षरांत ते छापलेलेही असते. ४२५६ क्रमांकाचे खातेच नसते तर काळजी नव्हती. पैसे जमा करता आले नाहीत की समोरच्या बँकेला ते तासाभरात किंवा त्या दिवसाचे आरटीजीएस बंद होण्याआधी, यांतले जे आधी असेल तेव्हा, परत पाठवावे लागतात. खाते अस्तित्वात होते हीच अडचण होती. आरटीजीएसमधून पैसे एकदा गेले की तो व्यवहार अंतिम असतो, तो मागे फिरवता येत नाही. मग आम्ही समोरच्या शाखेला विनंतीचे पत्र पाठवायचे, त्यांनी खातेदाराला बोलवायचे आणि त्याच्या संमतीची वाट पाहायची. चुकून मिळालेले पैसे परत करणे भारतीय करार कायद्याच्या कलम ७२ नुसार बंधनकारक आहे, पण कलमाचा आधार घेऊन कोर्टाची पायरी चढायची ती शिक्षकांनीच, आणि अर्जावर चुकीचा क्रमांक त्यांच्याच अक्षरांत असल्यामुळे बँक हात झटकून मोकळी झाली असती. त्या चुलतभावाच्या खात्यावर पीककर्जाची थकबाकी वसूल होण्यासारखी काही व्यवस्था असती, तर पैशांतला काही भाग परस्पर तिकडे वळता होऊन गुंता आणखी वाढला असता.

आमच्या पिढीला अंकांची अदलाबदल नवी नव्हती. खतावण्या हाताने लिहिल्या जात तेव्हा संध्याकाळी ताळा जुळला नाही आणि फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, की जुने हेडकॅशियर म्हणत, "आकडे उलटे पडलेत, शोधा." फरक २७० असेल तर कोणीतरी १,८५० चे १,५८० लिहिलेले असणार, कारण शेजारचे दोन अंक उलटले की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. पण ही युक्ती रकमेपुरती होती. रक्कम चुकली तर नावे आणि जमा यांचा मेळ बसत नाही, आणि मेळ बसेपर्यंत कोणी घरी जात नसे. खाते क्रमांक चुकला तर असे काहीच होत नाही. अडतीस लाख चाळीस हजार नावे पडतात, तेवढेच जमा होतात, डे-बुक पैशापर्यंत जुळते आणि शाखा वेळेवर बंद होते. ही चूक संध्याकाळी सापडत नाही. ती सापडायची तर पैसे सोडण्याच्या आधीच सापडावी लागते.

आणि त्या आधीच्या क्षणासाठी आपण आम्हाला काय दिले होते, ते आता पाहू. अर्जावर दोन रकाने, स्क्रीनवर दोन रकाने आणि माझी नजर. शिक्षकांनी डायरीतला एकच क्रमांक दोनदा उतरवला. मॅडमनी अर्जावरचा एकच क्रमांक दोनदा टाइप केला. मी तोच अर्ज हातात घेऊन त्यांची एन्ट्री तपासली. दुसरा रकाना टाइप करणाऱ्याचे बोट घसरले तर ते पकडतो आणि त्या कामापुरता तो उत्तम आहे. पण अर्जच चुकलेला असेल तर आपल्या या सगळ्या तपासण्या चुकीचा क्रमांक अधिकाधिक खात्रीने पुढे ढकलत राहतात. त्या सकाळी ज्या कागदाने चूक उघड केली तो एकमेव कागद डायरीतून आलेला नव्हता, आणि तो आपण मागितलेलाही नव्हता.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की दोन लाखांवरच्या, म्हणजे शाखेतून होणाऱ्या प्रत्येक आरटीजीएससाठी, लाभार्थ्याच्या चेकची किंवा पासबुकाची प्रत मागण्याचा रकाना अर्जातच छापावा, आणि पासिंग ऑफिसरने खाते क्रमांक अर्जावरून न पाहता त्या प्रतीवरून स्वतः टाइप करावा. तोपर्यंत काउंटरवरून आलेला क्रमांक त्याच्या स्क्रीनवर झाकलेला असावा. तयार क्रमांक डोळ्यांसमोर असला की माणूस तोच वाचतो. मीही तेच केले होते. यात प्रत्येक व्यवहारामागे अर्धे मिनिट जाईल. ज्या ग्राहकाकडे प्रत नसेल त्याच्याकडून, मॅडमनी केले तसे, लाभार्थ्याला फोन लावून सुटे अंक ऐकून घ्यावेत. 'अंक एक एक करून सांगा, जोडीने सांगू नका' ही ओळ अर्जाच्या माथ्यावर मराठीत छापायला खर्च येणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे आणि ती एकट्या बँकेच्या हातातली नाही, हे मी जाणतो. मालगाडीच्या वाघिणीवर रंगवलेल्या अकरा अंकी क्रमांकात शेवटचा अंक तपासासाठी असतो. आधार क्रमांकातला बारावा अंक त्यासाठीच आहे आणि शेजारच्या अंकांची कोणतीही अदलाबदल त्याने पकडली जाते. युरोपातल्या खाते क्रमांकांत देशाच्या दोन अक्षरांनंतर दोन तपास अंक येतात. आपल्याकडे प्रत्येक बँकेच्या खाते क्रमांकाची लांबी वेगळी आणि रचना वेगळी, त्यामुळे पाठवणाऱ्या शाखेच्या संगणकाला समोरच्या बँकेचा क्रमांक मुळात संभवतो की नाही, हे कळण्याचा सामाईक मार्ग नाही.

हे काम किती साधे असू शकते ते त्याच चार अंकांवर दाखवतो. नुसती बेरीज केली तर उपयोग नाही: ४, २, ६, ५ यांची बेरीज १७ आणि ४, २, ५, ६ यांचीही १७. पण पहिल्या अंकाला एकने, दुसऱ्याला दोनने, तिसऱ्याला तीनने, चौथ्याला चारने गुणून बेरीज केली तर ४२६५ ची ४६ येते आणि ४२५६ ची ४७. अकराने भागल्यावर पहिल्याची बाकी दोन उरते, दुसऱ्याची तीन. ही बाकी तपास अंक म्हणून क्रमांकाच्या शेवटी जोडली, तर शिक्षकांच्या डायरीत ४२५६२ असे लिहिले गेले असते, संगणकाने तीनची अपेक्षा केली असती आणि काउंटरवरच घंटा वाजली असती. शेजारच्या दोन अंकांची जागा बदलली की ही बेरीज त्या अंकांमधल्या फरकाइतकीच सरकते. तो फरक एक ते नऊ यांच्यातला असल्यामुळे त्याला अकराने कधीच भाग जात नाही आणि चूक लपत नाही. बाकी दहा उरली तर एका अंकात ती लिहिता येत नाही, तेव्हा असे क्रमांक वाटायचेच नाहीत, एवढी एक अडचण आहे. याहून चांगल्या पद्धती आपल्या तांत्रिक विभागाला माहीत असतील. कोट्यवधी जुनी खाती बदला असे मी म्हणत नाही. पासबुकावर आणि चेकवर क्रमांकाशेजारी एक तपास अंक वेगळा छापता येईल. मात्र सूत्र सर्व बँकांचे एक असले पाहिजे, नाहीतर तो अंक फक्त आपल्याच बँकेतल्या व्यवहारांपुरता उपयोगी पडेल.

त्या दिवशीचे उरलेले सांगतो. मी ती एन्ट्री नाकारली, शिक्षकांनी नवा अर्ज भरला आणि बाराच्या सुमारास पैसे बरोबर खात्यात जमा झाले. बावीस अक्षरांचा यूटीआर क्रमांक त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि मगच पावती पाकिटात ठेवली. खरेदीखत दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे झाले.

महिनाअखेरीस मुख्य कार्यालयाकडून शाखेला त्रुटींचा अहवाल आला. पासिंग ऑफिसरने नाकारलेली प्रत्येक एन्ट्री ती टाइप करणाऱ्याच्या नावावर चूक म्हणून मोजायची, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे अडतीस लाख चाळीस हजारांची ती एन्ट्री मॅडमच्या नावापुढे चूक म्हणून लागली. नाकारण्याचे कारण निवडायला स्क्रीनवर जे पर्याय होते, त्यांत 'टायपिंगची चूक', 'अपुरी शिल्लक', 'सही जुळत नाही' आणि 'इतर' एवढेच होते. मी 'इतर' निवडले होते आणि अहवाल 'इतर'लाही चूकच धरतो. मी पत्र लिहून खुलासा केला. पत्र पोहोचल्याची पोच मिळाली, पण आकडा बदलला नाही. पुढच्या महिन्यापासून शाखेतले दोघे तरुण क्लार्क झेरॉक्स मागायचे बंद झाले. मी त्यांना विचारले तेव्हा एकाने सरळ सांगितले, "साहेब, चूक शोधली की आपल्याच नावावर पडते. कशाला शोधायची?"

माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हते, ते आपल्याकडे आहे. नाकारण्याच्या कारणांच्या यादीत 'ग्राहकाच्या अर्जातील चूक, काउंटरवर पकडली' असा एक पर्याय वाढवावा आणि तो टाइप करणाऱ्याच्या चुकांत धरू नये. वरच्या दोन मागण्यांना वेळ लागेल, समित्या बसतील, हे मी समजू शकतो. ही तिसरी एका दुपारचे काम आहे. ते झाले की त्या महिन्याचा आमच्या शाखेचा अहवालही दुरुस्त करून पाठवावा. मॅडम अजून त्याच काउंटरवर आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पासिंग ऑफिसर